'आवश्यक ती इतर प्रक्रिया': आवश्यक की अत्यावश्यक?

वेलांटी: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं संमतिपत्र मराठीत आणतेय. 'दुर्बिणीतून पित्ताशय काढणे, गरज पडल्यास पोट उघडून' इथवर ठीक. पुढे अडलंय: 'तसेच आवश्यक वाटेल ती इतर कोणतीही प्रक्रिया करण्यास माझी परवानगी आहे.' इथे 'आवश्यक' ठेवू की 'अत्यावश्यक'? वरिष्ठ म्हणतात, दोन्ही एकच.

जुनं_बाड: आधी 'परवानगी' काढा. ती फारसी, आणि वरचा खालच्याला देतो. संमती म्हणजे समान मती.

टाका: 'सम्' म्हणजे इथे एकत्र, समान नव्हे. आणि वरिष्ठांचं चुकतंय. सूज येऊन सगळं चिकटलेलं असलं, पित्तनलिका नीट दिसेना, तर पोट उघडतात. ती तीच शस्त्रक्रिया, आणि तसं नावानिशी लिहिलंय. रक्तस्राव थांबेना, तर तो थांबवणं अत्यावश्यक. पण आत अंडाशयावर गाठ दिसली तर? ती काढणं आवश्यक असेलही, पण शुद्धीवर आल्यावर विचारता येतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या निकालात हेच होतं. रुग्णेची सही दुर्बिणीच्या तपासणी-उपचाराला आणि लागल्यास पोट उघडण्याला होती. ती भुलेत असताना बाहेर आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालयाने ती संमती मानली नाही: जिवाला तातडीचा धोका नव्हता, आणि सज्ञान रुग्णेला नंतर विचारता आलं असतं.

पाणवठा: आमच्याकडे खरा घोळ 'भूल' शब्दाने केला. हर्नियाच्या कागदावर नुसतं 'भूल देण्यास संमती'. मी झोपणार असं धरून चाललो. कमरेत इंजेक्शन दिलं आणि सगळ्यांचं बोलणं ऐकत पडलो!

जुनं_बाड: म्हणूनच 'बधिरीकरण' हवं. भूल म्हणजे भुरळ, चकवा.

टाका: बधिरीकरण लिहूनही ते झोपणारच समजले असते. 'कमरेखालची भूल, अपुरी पडल्यास पूर्ण भूल' असं लिहा. दुर्बिणीच्या पित्ताशयाला बहुधा पूर्णच देतात.

वेलांटी: धोक्यांच्या यादीतही हेच. जखमेत पू होणं 'क्वचित', पित्तनलिकेला इजाही 'क्वचित'.

टाका: त्यांना एका ओळीत बसवू नका. पू बहुतेकदा औषधाने, ड्रेसिंगने आटोक्यात येतो. नलिकेची इजा साधारण हजारात 3 ते 5 जणांना, पण त्यासाठी दुसरी मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. परिणाम लिहा, नुसतं 'क्वचित' नको.

जुनं_बाड: 'क्वचित'ऐवजी 'विरळा' चालेल का?

वेलांटी: ते नंतर पाहू. 'जीव वाचवण्यासाठी त्याच वेळी करावी लागेल अशीच' असं घालून मसुदा पाठवला. उत्तर आलं: 'इतर कोणतीही' काढायचं नाही.

टाका: दोन्ही एका वाक्यात ठेवलंत, तर वाद झाला की नेमकं तेच वाक्य पुढे येईल. लेखी कारण मागा.

पाणवठा: पण भुलेचं कुणी बदलणार आहे का?