मदत हवी आहे: बाबांची कोविडनंतरची धाप, बसून ९६ आणि चालताना ८७

सातारकर_मुलगी
बाबा ६१ वर्षांचे. २०२१ च्या मे महिन्यात कोविडने आयसीयूत, हाय फ्लो ऑक्सिजनवर होते. आजही एक जिना चढले की कठडा धरून थांबतात, बोलता येत नाही. नुकतीच पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी झाली. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर सोडलेली हवा, अपेक्षेच्या ७४ टक्के. डीएलसीओ, म्हणजे फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता, ५२ टक्के. सहा मिनिटांत ३६० मीटर चालले, तेव्हा ऑक्सिजन ९६ वरून ८७ वर आला. सीटीत थोडे व्रण आहेत. हिमोग्लोबिन १०.२. डॉक्टर म्हणाले, 'चालत राहा.' पण किती आणि कसं?

अण्णा_वाईकर
बसून ९६ आहे ना, मग फुफ्फुसं ठणठणीत. पडून राहिल्याने ताकद गेलीय. श्वास ओढून चेंडू वर उचलायचं ते तीन चेंडूंचं यंत्र द्या, महिन्यात फरक पडेल.

श्वास_फिजिओ
अण्णा, ताकद गेली असणार, हे बरोबर. पण नुसत्या अशक्तपणाने चालताना ऑक्सिजन नऊ अंकांनी उतरत नाही, आणि त्या चेंडूंनी पायांत ताकद येत नाही.
ताई, डीएलसीओ हिमोग्लोबिन धरून काढलाय का ते रिपोर्टवर पाहा. धरला नसेल, तर ५२ चा साधारण ६१ होतो. तरी तो कमीच, पण अ‍ॅनिमियाचा वाटा वेगळा कळतो आणि त्यावर उपचार आहेत. उरलेलं सगळं व्रणांमुळेच, असं धरून चालू नका. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जुन्या गुठळ्या असल्या तरी असंच दिसतं. इको आणि व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुफ्फुसांत हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी, यांबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. व्यायाम त्यानंतर.

निशा_ठाणे
मला कोविड घरीच झाला होता, पीएफटी नॉर्मल. पण जोरात चालले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळते. काकांना चालायला लावू नका!

श्वास_फिजिओ
निशाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे, पण प्रश्न मोलाचा. बाबांना चालल्यावर एक-दोन दिवसांनी असं कोसळायला होतं का? होत असेल तर वेग, वेळ काहीच वाढवायचं नाही.

सातारकर_मुलगी
नाही, दम लागतो, पण बसले की पाच मिनिटांत ठीक. इको २०२१ मध्ये नॉर्मल होता.

श्वास_फिजिओ
तो आता जुना झाला, आणि नॉर्मल इकोने गुठळ्या पूर्ण नाकारता येत नाहीत.
डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की असं करा. ३६० मीटर म्हणजे मिनिटाला ६०. त्याच्या ८० टक्के, म्हणजे मिनिटाला ४८ मीटर. सपाट जागेवर २ मिनिटं चालणं, १ मिनिट बसणं, असे पाच फेरे. बोटाला ऑक्सिमीटर ठेवा, बोट गार असेल तर आकडा फसवा येतो. ८८ च्या खाली गेला की थांबायचं. दम दहापैकी तीन-चार इतकाच हवा. जोडीला एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. सुरुवातीचे दिवस फिजिओसमोरच करा. सहा-आठ आठवड्यांनी सहा मिनिटांची चाचणी पुन्हा.

सातारकर_मुलगी
आणि दर वेळी ८७ वरच आला तर? घरचा कॉन्सन्ट्रेटर लावून चालवू का?

श्वास_फिजिओ
स्वतःहून नको. तीच चाचणी केंद्रात ऑक्सिजन लावून करतात. अंतर वाढतं का, दम कमी होतो का, ते पाहून डॉक्टर ठरवतात. काहींना उपयोग होतो, काहींना अजिबात नाही. व्हीक्यूचा रिपोर्ट आला की इथे टाका.