मदत हवी आहे: धोतरांवर निळीचे डाग आणि रेशमी उपरणं जांभळट

कृष्णाकाठ:
सासरे कीर्तन करतात, त्यामुळे घरात पांढऱ्या कपड्यांचा राबता असतो. काल दोन सुती धोतरं आणि एक पांढरं रेशमी उपरणं बादलीत एकत्र होतं. कपडे पाण्यात असतानाच वरून बाटलीतली पातळ नीळ पडली. आता धोतरांवर घडीच्या रेषांत गडद डाग आहेत आणि मधला भाग कोराच राहिलाय. उपरण्याचं वेगळंच झालंय. त्यावर डाग एकही नाही, पण ते सगळं सारखं फिकट जांभळं झालंय. एकाच बादलीत असं दोन तऱ्हेचं कसं झालं? रविवारी काल्याचं कीर्तन आहे. धोतरांना रंगीत काठ आहेत, उपरण्याला नाहीत. काय करू?

मोकळी_हवा:
ताई, घाबरू नका. अर्धी बादली पाण्यात वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून सगळं रात्रभर बुडवून ठेवा. आमच्याकडे माझ्या सासूबाईंच्या साडीवर नीळ सांडली होती, सकाळपर्यंत साफ गेली. नाहीच गेलं तर ब्लीच आहेच.

दिनू_कोथरूड:
+१ ब्लीच. अर्ध्या तासात सगळं पांढरंशुभ्र.

रंगखात्यातला_काका:
ताई, उपरणं व्हिनेगरमध्ये घालू नका आणि ब्लीचच्या तर आसपासही नेऊ नका. मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाजारात नीळ दोन जातींची मिळते. पुडीतली जी कोरडी नीळ असते ती अल्ट्रामरीन, म्हणजे निळी भुकटी. ती पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांनी तरंगते आणि कपड्याच्या धाग्यांत अडकून बसते. आई-आजी ती फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवायच्या ते याचसाठी, नाहीतर गुठळी कपड्यावर बसते. ही भुकटी आम्लाने मोडते. मोकळी_हवा यांच्या साडीवर बहुधा हीच असणार. व्हिनेगर लागल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला होता का?

बाटलीतली नीळ हा विरघळलेला जांभळा रंग असतो, तोही बहुतेक ॲसिड रंगांपैकी. हे रंग मुळात लोकर, रेशीम आणि नायलॉन रंगवायला वापरतात. सुताशी त्यांचं फारसं जमत नाही, ते वरवर बसतात. रेशमाने मात्र तो रंग पाण्यातून ओढून घेतला आणि सगळीकडे सारखा घेतला, म्हणून तुमच्या उपरण्यावर डाग दिसत नाही. ते चक्क रंगलंय. रेशमावर हा रंग पक्का करायला आम्ही आम्लच घालायचो. म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवलं तर रंग आणखी घट्ट होईल. आणि क्लोरीनचं ब्लीच रेशमाला पिवळं करून खातं, धागाच जातो.

मोकळी_हवा:
हो काका, वास आला होता! मला वाटलं व्हिनेगरचाच असेल. मग ताई, माझा उपाय उपरण्याला नको, सॉरी.

कृष्णाकाठ:
बाप रे, व्हिनेगरची बाटली हातात घेऊनच धागा वाचत होते. काका, मग धोतरांचं काय करू? आणि उपरणं सुटेल का?

रंगखात्यातला_काका:
आधी धोतरं. बादलीभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर विरघळवा. धोतरं पूर्ण उलगडून तासभर ठेवा, मधे एकदोनदा खालीवर करा. सुतावरचा हा रंग अल्कलीत सुटतो, पाणी जांभळट झालं की समजा निघतोय. पाणी बदलून आणखी एकदा करा. रंगीत काठाचा एक कोपरा आधी त्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग उतरला तर काठ पाण्याबाहेर ठेवा. एवढं करूनही घडीची रेघ राहिली तर फक्त तेवढ्याच जागी पातळ ब्लीच: लिटरभर गार पाण्यात एक लहान चमचा, पाच-दहा मिनिटं, मग भरपूर खळबळून धुवा. काठाला लागू देऊ नका. आणि ब्लीच लागलेल्या कपड्याला व्हिनेगर मुळीच लावू नका, क्लोरीनचा वायू सुटतो.

उपरण्याला सोडा नको, रेशीम खरबरीत होतं. कोमट पाण्यात रेशमी कपड्यांचा सौम्य पातळ साबण घालून दहा-पंधरा मिनिटं, असं पाणी बदलत दोन-चार वेळा करा. थोडं उतरेल. पूर्ण उतरेल असा शब्द देत नाही. रंगारी 'हायड्रो' लावून उतरवतात, ते रेशमाला चालतं, पण घरी करू नका.

अवनी_ठाणे:
काका, माझाही प्रश्न याच जातीचा वाटतोय. मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट अंगणात अगदी दूधासारखा दिसतो आणि घरात एलईडीच्या उजेडात पिवळट. त्याला मी बाटलीतली नीळ वाढवून पाहिली तर करडाच झाला.

रंगखात्यातला_काका:
अवनी, तुझं जरा वेगळं आहे. तुझ्या पावडरीत ऑप्टिकल ब्राइटनर आहे. पूर्वी टिनोपाल, राणीपाल म्हणून वेगळं आणायचो, आता बहुतेक पावडरीत ते आधीच घातलेलं असतं. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून कपडा खरोखर जास्त उजळ होतो. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच, मग ब्राइटनर गप्प बसतं आणि खालचा पिवळेपणा उघडा पडतो. नीळ याच्या उलट काम करते. ती पिवळा उजेड खाते, म्हणून डोळ्याला पांढरं वाटतं, पण एकूण उजेड कमीच होतो. जास्त घातली की करडेपणा येतो, तुझ्या शर्टाचं तेच झालं. आता नीळ बंद कर आणि कॉलरचा मळ धुवून काढ, पिवळेपणा तिथला आहे. नोटा तपासायची जांभळी बॅटरी असेल तर अंधारात शर्टावर मार, ब्राइटनर कुठे बसलंय ते चमकून दिसेल.

दिनू_कोथरूड:
म्हणजे ब्राइटनर कितीही घातलं तरी डाग पडत नाहीत, बरोबर ना?

रंगखात्यातला_काका:
नाही दिनू. खूप झालं तर कपडा हिरवट-पिवळट दिसायला लागतो. आणि मळखाऊ, बदामी, कोऱ्या खादीच्या कपड्यावर कोरडी पावडर भुरभुरवली तर जिथे पडली तिथे पांढरे ठिपके उमटतात. बाटलीतली नीळ सोड्याने सुटते तसं हे सुटत नाही, सुताला चिकटून बसतं.

खादीप्रेमी:
माझ्या बदामी खादीच्या कुर्त्यावर हेच झालंय! ब्लीचने ते ठिपके जातील का?

रंगखात्यातला_काका:
ब्लीचने ब्राइटनर थोडं मरतं खरं, पण खादीचा मूळ बदामी रंगही जाईल. उन्हात वापरून-धुवून हळूहळू कमी होतं, पण किती वेळ लागेल हे कपड्यावर आहे. कोणाला दुसरा उपाय माहीत असेल तर सांगा.

कृष्णाकाठ:
अपडेट देते. पहिल्या पाण्यात धोतरांचा बराच रंग निघाला, दुसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ. एका धोतराच्या घडीवर फिकट रेघ आहे, पण नेसल्यावर ती आत जाईल, ब्लीच करत नाही. उपरणं तीन पाण्यांनी थोडं फिकं झालं, पण अजून जांभळट आहे. रविवारी सासरे दुसरं उपरणं घेणार. हे रंगाऱ्याकडे द्यायचंय. काका, एक विचारायचं राहिलं, पुढच्या वेळी नीळ घालायचा बरोबर क्रम काय?

रंगखात्यातला_काका:
आधी कपड्यातला साबण पूर्ण निघू द्या. मग स्वच्छ पाण्यात मोजके थेंब टाकून हाताने ढवळा, पाण्यात जेमतेम निळसर झाक दिसली की बस्स. त्यानंतर एकेक कपडा उलगडून बुडवा, हलवा आणि लगेच काढा. भिजत ठेवू नका. रेशीम, लोकर आणि नायलॉनची लेस असलेलं काहीही त्या बादलीत नको. कोरडी नीळ वापरलीत तर प्रत्येक कपड्याआधी पाणी पुन्हा ढवळा, भुकटी तळाशी बसते आणि शेवटचा कपडा तीच उचलतो.

मोकळी_हवा:
काका, रंगाऱ्याला काय सांगायचं तेही लिहा ना. आमच्या इथला म्हणाला होता की रेशमाचा रंग उतरवत नाही, वरून गडद रंग देतो.

रंगखात्यातला_काका:
त्याला "ॲसिड रंग चढलाय, हायड्रोने उतरवायचाय, रेशीम आहे" एवढं सांगा. आधी कोपऱ्यावर करून दाखवायला लावा. तो नाही म्हणाला तर पर्याय तोच, वरून रंग द्यायचा. गडद जांभळं उपरणं कीर्तनाला चालेल का, हे मात्र सासऱ्यांना विचारा.