'पार्शल अ‍ॅगोनिस्ट'ला 'अर्धवट' म्हणावं का?

शब्दवेडी: व्यसनमुक्तीच्या औषधांवरचं एक पत्रक रुग्णांच्या घरच्यांसाठी मराठीत आणतेय. त्यात ब्युप्रेनॉर्फिन ही गोळी 'पार्शल अ‍ॅगोनिस्ट' आहे असं लिहिलंय. पेशीवर औषध जिथे बसतं त्या रिसेप्टरला मी 'ग्राही' घेतलं, बसून त्याला कामाला लावणाऱ्या अ‍ॅगोनिस्टला 'उद्दीपक'. आता पार्शलला 'आंशिक' की 'अर्धवट'? पुढे 'स्पेअर रिसेप्टर' येतं, त्याला 'राखीव ग्राही' चालेल का?

नदीकाठ: 'आंशिक' घ्या. पूर्ण उद्दीपक सगळ्या ग्राहींवर बसतो, आंशिक थोड्यांवरच बसतो, म्हणून परिणामही थोडा. 'अर्धवट'ने काम टाकून उठल्याचा वास येतो.

खलबत्ता: नदीकाठ, शब्दाबद्दल तुमचं पटतं, पण कारण उलटं झालंय. मी औषधशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग हेच उत्तर लिहितो. आंशिक उद्दीपक सगळ्याच्या सगळ्या ग्राहींवर बसू शकतो. ब्युप्रेनॉर्फिन तर मॉर्फिनपेक्षाही घट्ट चिकटतं. मेंदूच्या पेट स्कॅनवर पाहिलं, तर रोजच्या 16 मिलिग्रॅम डोसला ओपिऑइडचे, म्हणजे अफूच्या जातीची औषधं जिथे बसतात ते, सुमारे 80 टक्के म्यू ग्राही त्याने व्यापलेले दिसतात. कमी पडतं ते बसल्यानंतरचं काम. म्हणजे अपुरेपणा जागा अडवण्यात नाही, एकेका ग्राहीला जागं करण्यात आहे.

शब्दवेडी: म्हणजे 'बसणं' आणि 'जागवणं' या दोन वेगळ्या क्रिया. मग 'स्पेअर' कुठे बसतं?

खलबत्ता: एक सोयीचं गणित मांडतो, आकडे माझ्या मनाचे आहेत. एका पेशीवर 100 ग्राही आहेत. पूर्ण उद्दीपक बसला की प्रत्येक ग्राही 1 आणा काम करतो, आणि पेशीला पूर्ण परिणाम द्यायला 20 आणे पुरतात. त्यापुढे कितीही आणे आले तरी परिणाम वाढत नाही. म्हणजे 20 ग्राही व्यापले की झालं. उरलेले 80 'स्पेअर'.

आता ग्राहींना कायमचं निकामी करणारं औषध घालून त्यातले 50 बाद करा. पूर्ण उद्दीपकाला अजूनही 20च हवेत, फक्त आता ते 50 पैकी मिळवायचे आहेत. 20 टक्क्यांऐवजी 40 टक्के ग्राही व्यापावे लागतील, त्यासाठी मात्रा साधारण पावणेतीनपट लागेल. परिणाम मात्र पुरा मिळेल. प्रयोगात स्पेअर ग्राही ओळखायची खूण हीच: मात्रा-परिणामाचा आलेख आधी उजवीकडे सरकतो, त्याची उंची नंतर ढासळते.

याच पेशीत आंशिक उद्दीपक घाला. हा एका ग्राहीमागे आण्याचा दहावा भागच काम करवतो. सगळे 100 व्यापले तरी 10 आणे, म्हणजे निम्मा परिणाम. 50 बाद केले की 5 आणे. आलेख सरकायला जागाच नाही, उंची ताबडतोब घसरते. त्याच्यासाठी एकही ग्राही 'स्पेअर' नव्हता.

शब्दवेडी: मग 'राखीव' चुकतंच. राखीव म्हटलं की तिकिटाची जागा डोळ्यांसमोर येते, कुणासाठी तरी वेगळी काढून ठेवलेली.

खलबत्ता: अगदी बरोबर पकडलंत. ते 80 कुठे बाजूला ठेवलेले नसतात. शंभरांत कुठलेही 20 चालतात, आणि क्षणाक्षणाला तेही बदलत असतात. 'जादा' म्हणावं तर ते फुकट आहेत असं वाटतं. तसंही नाही, त्यांच्यामुळेच पेशी कमी मात्रेला हाक ऐकते.

माळावरचा: शब्दांचं मला कळत नाही, पण ब्युप्रेनॉर्फिन वाचून थांबलो. माझ्या धाकट्या भावाला हेरॉइनच्या व्यसनासाठी तीच गोळी सुरू केली होती. तो सकाळीच ओढून गेला होता आणि आम्ही घाबरून ते सांगितलं नाही. गोळी जिभेखाली ठेवल्यावर तासाभरात घाम, उलट्या, पोटात मुरडा, अंग थरथरतंय. आम्हाला वाटलं गोळी बनावट आहे. गोळीत ते औषध कमी असतं म्हणून झालं का हे?

खलबत्ता: नाही दादा, औषध कमी असल्यामुळे नाही. वरचंच गणित भावाला लावून बघा. हेरॉइनने त्याच्या पेशी पुऱ्या 20 आण्यांवर चालल्या होत्या. ब्युप्रेनॉर्फिन जास्त घट्ट चिकटणारं, त्याने हेरॉइनला ढकलून जागा घेतली, पण काम 10 आण्यांचंच केलं. शरीराला ही एकदम झालेली घट कळते आणि व्यसन तुटल्याची लक्षणं उसळतात. हेच जर हेरॉइन उतरून शरीर 2-3 आण्यांवर आलेलं असताना दिलं असतं, तर 10 आणे म्हणजे आराम वाटला असता. म्हणून शेवटच्या हेरॉइननंतर साधारण 12 ते 24 तास थांबून, लक्षणं सुरू झालेली बघून मग पहिली गोळी देतात. मेथाडोनवर असेल तर आणखी जास्त थांबतात. तुम्ही भीतीपोटी बोलला नाहीत, ते मी समजू शकतो.

माळावरचा: हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्याने गोळी सोडली नसती. शब्दवेडी ताई, शब्द कुठलाही घ्या, पण हे पत्रकात घाला.

शब्दवेडी: घालते दादा. अगदी वरच, पहिल्या परिच्छेदात.

नदीकाठ: माझी चूक कळली. एक मात्र विचारतो. ग्राहीमागे 0.3 आणा काम करवणारं औषध असेल तर? 100 ग्राहींच्या पेशीत 30 आणे होतील, म्हणजे पूर्ण परिणाम. 50 ग्राहींच्या पेशीत 15, म्हणजे अपुरा. एकच औषध इथे पूर्ण आणि तिथे आंशिक?

खलबत्ता: होय! आणि म्हणूनच हे विशेषण एकट्या औषधाला चिकटवणं धोक्याचं. 1956 मध्ये औषधशास्त्रज्ञ स्टीफन्सनने परिणामाची उंची आणि औषधाची जागवण्याची ताकद या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्याचं मर्म हेच. ब्युप्रेनॉर्फिनचंही तसंच आहे. माणसात श्वास मंदावण्याचा परिणाम एका पातळीला अडतो, वेदना शमवण्याचा तसाच अडतो का यावर मात्र एकमत नाही. पत्रकात 'सुरक्षित' लिहू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर श्वास बंद पडू शकतो.

दवबिंदू: 'इन्व्हर्स अ‍ॅगोनिस्ट'ही घ्या ना यात. 'उलट उद्दीपक'? आईला पित्त उठतं म्हणून सेटिरिझिन देतात, ते या गटात येतं असं वाचलं. हिस्टामीनने श्वासनलिका आवळते, मग सेटिरिझिन ती रुंद करतं का?

खलबत्ता: दम्याच्या पंपासारखी रुंद नाही करत. काही ग्राही कुणी न बसताही थोडं काम करत राहतात, हिस्टामीनचे एच-1 ग्राही त्यातले. नुसता अडवणारा त्या कामाला हात लावत नाही, जागा तेवढी अडवतो. सेटिरिझिन ते आपसूक चाललेलं कामही खाली आणतं. जिथे ग्राही मुळात गप्प आहे तिथे या दोघांत फरक दिसणारच नाही. आणि आईच्या पित्तात नेमका किती वाटा या गुणाचा, किती नुसत्या अडवण्याचा, हे वेगळं काढून सांगणं अवघड आहे.

शब्दवेडी: मग 'उलट'पेक्षा 'शामक'? पण शामक म्हणजे लोकांना झोपेचं औषध वाटतं.

नदीकाठ: 'निवारक'?

खलबत्ता: निवारकाने नुसता अडवणारा आणि हा एकच होतील. मी वर्गात 'इन्व्हर्स'च म्हणतो.

शब्दवेडी: तो तूर्त तसाच ठेवते. गोळीचं वाक्य असं केलंय: "ही गोळी हेरॉइनच्या जागी घट्ट बसते, पण त्याच्याइतकं काम करत नाही. हेरॉइन अंगात असताना घेतली तर त्रास वाढतो, म्हणून शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा." 'अंशतः उद्दीपक' एकदाच, कंसात. स्पेअरसाठी 'गरजेपेक्षा जास्त असलेले ग्राही' लांबलंय, कुणाला आटोपशीर सुचलं तर सांगा.

माळावरचा: "खरं सांगा"च्या पुढे "कुणी रागावणार नाही" एवढंही लिहा.