वर्गातल्या गोंधळाबद्दल मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं आहे का? अनुभव सांगा

भाषाशिक्षिका (आठवी): वर्गातली चार मुलं रोज तास मोडतात. बाकं वाजवतात, कुणी उत्तर द्यायला उठलं की त्याची नक्कल करतात. समज देऊन झाली, जागा बदलून झाल्या. आता मुख्याध्यापकांना पत्र लिहायचंय, पण मला शिक्षा नको, मार्गदर्शन हवंय. तुम्ही काय लिहिलंत, पुढे काय झालं?

निवृत्त मुख्याध्यापिका: "काही विद्यार्थी उद्धट वागतात, योग्य ती कारवाई व्हावी" अशी पत्रं माझ्याकडे खूप आली. त्यावर मला काही करता येत नसे, कारण नेमकं काय घडलं तेच त्यात नसायचं. एका बाईंनी मात्र पंधरवड्याची नोंद जोडली होती: तारीख, तास, तेव्हा कोणतं काम चालू होतं, कुणी काय केलं, बाईंनी काय केलं आणि वर्ग परत कामाला लागायला किती वेळ गेला. वाचताना लक्षात आलं की तोंडी कामात शांतता असायची, गोंधळ फळ्यावरचं उतरवून घेताना व्हायचा. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सुरुवात करणाऱ्या मुलाला लिहिणंच जमत नव्हतं, बाकीचे तिघं त्याच्या मागे ओढले जायचे. त्याला वेगळी मदत सुरू केली, तसे दोघं आपोआप निवळले. चौथा नाही बदलला. त्याचं कारण आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

गणित शिक्षक: माझा सल्ला, पत्रात नावं घालूच नका. एकदा पत्र पालकांच्या हाती पडलं आणि सगळे एकत्र भांडायला आले.

निवृत्त मुख्याध्यापिका: सर, नावांशिवाय मी कुणाला भेटणार? नावं वेगळ्या कागदावर द्यावीत आणि पालकांना फक्त त्यांच्याच मुलाची नोंद दाखवावी. गटाला एकत्र बोलावलं की गट आणखी घट्ट होतो.

एक आई: माझी मुलगी अशाच वर्गात आहे. दंगा चौघांचा आणि मधली सुट्टी सगळ्या वर्गाची बंद! ती आता प्रश्न विचारायला हात वर करत नाही. शिक्षकांच्या पत्रात हेही यायला हवं ना?

नवीन शिक्षक: मी लिहिलं होतं. "वर्ग सांभाळणं तुमचं काम" एवढंच उत्तर मिळालं. पुन्हा लिहावं का, कळत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका: तुम्ही शेवटी काय मागितलं होतं? "मार्गदर्शन करावे" एवढ्यावर थांबलं की असंच उत्तर येतं. उत्तर द्यावंच लागेल असं विचारा. अर्थात, ऐकायचंच नसेल तर पत्राने फार काही होत नाही, हेही खरं.

भाषाशिक्षिका (आठवी): ताई, आजपासून नोंद ठेवते. शेवटचा परिच्छेद असा लिहिलाय: "कृपया एकदा माझ्या तासाला येऊन निरीक्षण करावे. पालकांशी प्रथम मी बोलावे की आपण, आणि विद्यार्थ्याला आपल्याकडे केव्हा पाठवावे, हे कळवावे. या नोंदींवर चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती." हात वर न करणाऱ्या मुलांबद्दलही एक वाक्य घालतेय.