मदत हवी आहे: इंटरव्हलचं टोक ९.९९, मार्जिन १०. हे चालतं का?

मुग्धा: पीटीएसडीसाठी ५ सत्रांची लेखी थेरपी आणि १२ सत्रांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजे सीपीटी, यांची तुलना करणारा आराखडा लिहिते आहे. त्यासाठी स्लोन आणि सहकाऱ्यांची २०१८ची चाचणी वाचली. १२६ जण, मार्जिन, म्हणजे चालवून घ्यायची कमाल तूट, पीटीएसडीची तीव्रता मोजणाऱ्या कॅप्स-५ वर १० गुण. सगळ्यात मोठा फरक २४व्या आठवड्यात आला: लेखी थेरपी ४.३१ गुणांनी मागे, ९५ टक्के इंटरव्हल −१.३७ ते ९.९९. निष्कर्ष 'नॉन-इन्फिरिअर', म्हणजे मार्जिनपेक्षा जास्त मागे नाही. इतकं काठावरचं उत्तर धरायचं का? आणि मीही १०च घेऊ का?

सुहास: इंटरव्हलमध्ये शून्य आहे, म्हणजे दोन्ही थेरपी सारख्याच. मार्जिनचा घोळ कशाला?

वसुधा: सुहास, तीसच जण घेतले तर इंटरव्हल −८ ते १६ असा पसरू शकतो. शून्य त्यातही आहे, पण १६ गुणांचं नुकसानही त्यात बसतं. म्हणून वाईट टोक बघायचं. मुग्धा, मार्जिन आधीच लिहून ठेवलेलं असेल तर ९.९९ नियमात बसतं. मला खटकतात ते १० गुण. समजा, जुन्या चाचण्यांत सीपीटी नियंत्रण गटापेक्षा १४ गुणांनी सरस ठरली, इंटरव्हल १० ते १८. म्हणजे खात्रीचा फायदा १०चाच. तेवढंच मार्जिन दिलं, तर उपचार न केल्यासारखी थेरपीसुद्धा पास होईल. निम्मा फायदा तरी टिकवायचा असेल तर मार्जिन ५ येतं.

रोहन: आमचं काम नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ वर आहे. मार्जिन २, इंटरव्हल ०.४ ते ३.१, छोटी थेरपी मागे. गाइड म्हणतात 'इन्फिरिअर सिद्ध झाली' असं लिहा.

वसुधा: नका लिहू. मोठी थेरपी सरस आहे एवढं दिसतंय, पण तूट २ पेक्षा जास्त आहे हे दिसत नाही, कारण खालचं टोक ०.४ आहे. 'नॉन-इन्फिरिऑरिटी सिद्ध झाली नाही' एवढंच लिहा.

मुग्धा: ताई, त्या चाचणीत सीपीटी ३९.७ टक्के लोकांनी अर्धवट सोडली, लेखी थेरपी फक्त ६.४ टक्के लोकांनी. मग सोडून गेलेल्यांनाही मूळ गटातच धरणाऱ्या इंटेन्शन-टू-ट्रीट आकड्यावर विसंबायचं का?

वसुधा: एकट्या त्याच्यावर नाही. सीपीटी पुरती मिळालीच नाही, तर दोन्ही गट जवळ येतात आणि छोटी थेरपी आयती पास होते. पर-प्रोटोकॉलही लावा. पण त्यात टिकून राहिलेलेच मोजले जातात, त्यामुळे रँडमायझेशन मोडतं. दोन्ही निकाल एकाच बाजूला झुकले तर बोला.

सुहास: पण लोक मधेच सोडत नाहीत हाच छोट्या थेरपीचा गुण नाही का? तो विश्लेषणातून का काढायचा?

वसुधा: तुमचा मुद्दा रास्त आहे. आराखड्यात प्रश्न कोणता ते आधी ठरवा: थेरपी सुचवली तर काय होतं, की पुरी घेतली तर. यावर आमच्यातही एकमत नाही.

मुग्धा: १०चं ५ केलं तर माणसं साधारण चौपट लागतील. एवढी कुठून आणू? ७ चालेल?

वसुधा: माणसं कमी म्हणून ७ नको. ७ गुण गमावणं रुग्णाला परवडतं असं दाखवता आलं, तरच घ्या. त्यासाठी जुन्या चाचण्यांतला खरा इंटरव्हल इथे टाका, मग बघू.