वारसाचं प्रतिज्ञापत्र: सलग मजकुराचे परिच्छेद कसे पाडू? (बजेट २०० रु.)

बोरीकाठचा: अमळनेर तालुक्यातली शेती, ७/१२ ला वारस लावायचेत. प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच लिहिलाय, पण दीड पान सलग, पूर्णविराम दोनच. वडील २०१९ ला वारले, तेव्हा मी जवळच होतो. आजी मात्र माझ्या जन्माआधीच गेली, तिचं आत्या सांगते. क्रमांक, सत्यापन, सही कसं मांडायचं? टायपिंगसह २०० च्या आत.

केळीवाला_रावेर: २०० मध्ये काय होतंय भाऊ? मी ८०० मोजले, एका फेरीत काम. वकीलच गाठा.

धुळे_दप्तर: कोर्टाच्या आवारात तीस वर्षं टंकलेखन केलं. एका परिच्छेदात एकच गोष्ट. १ नातं, २ जमीन, ३ वडिलांचा मृत्यू, ४ सगळे वारस, ५ आजीचं, ६ प्रतिज्ञापत्र कशासाठी. नाव-वय-धंदा-पत्ता वरच्या 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' या ओळीत, त्याला क्रमांक नको. आजीचं वेगळं काढायचं कारण सत्यापनात दिसतं:

'परिच्छेद १ ते ४ व ६ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे. परिच्छेद ५ मधील मजकूर माझ्या आत्याने दिलेल्या माहितीवरून असून तो खरा असल्याचे मी मानतो.'

आत्याचं नाव घाला. खाली डावीकडे ठिकाण, दिनांक. उजवीकडे प्रतिज्ञार्थीची सही.

तापी_किनारा: एवढं कशाला? 'वरील सर्व मजकूर खरा' लिहा, चालतं. मी तसंच दिलं.

धुळे_दप्तर: चालतं, कुणी विचारेपर्यंत. जन्माआधीची गोष्ट स्वतःच्या माहितीची कशी?

नंदुरबारची_ताई: माझं उलटं झालं. ऐनवेळी बहिणीचं सासरचं नाव ३ नंबरला घातलं. वर्डने पुढचे क्रमांक आपोआप सरकवले, सत्यापनातले हाताने टाइप केलेले तसेच राहिले. ऐकीव गोष्ट ५ ची ६ झाली आणि मी शपथेवर 'स्वतःची माहिती' म्हटलं! नोटरीच्या टेबलावर लक्षात आलं, परत अर्धा किलोमीटर उन्हात झेरॉक्सवाल्याकडे.

केळीवाला_रावेर: स्टॅम्प १०० चा की ५०० चा? आमच्याकडे रोज यावरून वाद.

तापी_किनारा: ५०० चा.

नंदुरबारची_ताई: सरसकट नाही. कोणत्या कामासाठी, त्यावर आहे. ज्या कार्यालयात द्यायचं तिथेच विचारा.

धुळे_दप्तर: ताई म्हणतात तसं, सत्यापन सगळ्यात शेवटी टाइप करा. आणि सही एकटी पुढच्या पानावर जाऊ देऊ नका. तसं नुसत्या सहीचं पान कोणत्याही कागदाला जोडता येतं. सत्यापनाच्या दोन ओळी तरी सोबत न्या, प्रत्येक पानावर सही करा. घरून सही करून मात्र जाऊ नका, ती नोटरीसमोरच.

केळीवाला_रावेर: मी घरूनच करून नेली होती. काही बोलला नाही.

बोरीकाठचा: दप्तरदादा, तुमनं बरोबर शे. पण मी ५ नंबर काढूनच टाकतोय. आत्याला चोपड्याहून आणतो, आजीचं तीच तिच्या प्रतिज्ञापत्रात सांगेल. माझ्यात पाचच परिच्छेद, सगळे स्वतःच्या माहितीचे.

केळीवाला_रावेर: म्हणजे दोन प्रतिज्ञापत्रं, दोन नोटऱ्या, आत्याचं एसटी भाडं. २०० मध्ये?

बोरीकाठचा: आत्याला अर्धं तिकीट लागतं.