मदत हवी आहे: निवृत्तीच्या भाषणासाठी हाताशी फक्त स्टाफचा ग्रुप फोटो

नवशिक्षक_बडोदा: शनिवारी आमच्या शाळेत निरोप समारंभ आहे आणि भाषण माझ्या गळ्यात पडलंय. जवळ १९९६-९७ चा स्टाफचा फोटो आहे, तो जोडतोय. यावरून काय बोलता येईल? कृपया आजच सांगा.

मांडवीकर: कोणाचा निरोप? किती मिनिटं? गुजरातीत की मराठीत?

नवशिक्षक_बडोदा: विज्ञानाच्या बाई, मुलं त्यांना बेन म्हणतात. तीन मिनिटं. शाळा गुजराती माध्यमाची, पण भाषण मराठीत चालेल असं मुख्याध्यापक म्हणाले, बेनही मराठीच आहेत. मला इथे दोनच वर्षं झाली. मागच्या रांगेत अगदी कडेला उभ्या आहेत त्या.

सुरसागर_काठ: सोपं आहे. फोटोतल्या एकेकाचं नाव घ्या आणि त्यांच्याशी बेनचं नातं सांगा. मी आमच्या सरांच्या वेळी तसंच केलं होतं, लोकांना फार आवडलं.

जुनी_मास्तरीण: तेवीस माणसं आहेत. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द होतात, त्यातले निम्मे नावांतच जातील. शिवाय एक नाव राहिलं तर तो माणूस समोरच बसलेला असतो. आणि जे आज हयात नाहीत, त्यांची नावं ओघात उच्चारली की सभा जड होते. नावं नकोत.

कॅमेरावाला: भाषणाचं मागाहून बघू, हा फोटो उलटा स्कॅन झालाय. बेनचा पदर उजव्या खांद्यावर दिसतोय.

जुनी_मास्तरीण: अहो, हे बडोदं आहे. गुजराती पद्धतीत पदर उजव्या खांद्यावरूनच पुढे येतो. पुढच्या पाटीवरची अक्षरं सरळ वाचता येतात ना? मग फोटो सरळ आहे. तपासायचं ते पाटीवरून, पदरावरून नव्हे.

कॅमेरावाला: मान्य. पण बेन मराठी आहेत म्हणता, म्हणून शंका आली.

जुनी_मास्तरीण: ती शंका मात्र कामाची आहे! नवशिक्षक, ती बाई तुमच्या बेनच आहेत हे नक्की का? मूळ फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली नावं छापलेली असतात, रांगवार, बघणाऱ्याच्या डावीकडून. तुमच्या मोबाइलच्या फोटोत ती पट्टी कापली गेलीय.

दांडिया_बाजार: फोटो मोठा करून फ्रेम करायची असेल तर बारा बाय अठरा घ्या, मॅट कागदावर. ग्लॉसीवर हॉलमधले दिवे चमकतात.

नवशिक्षक_बडोदा: फ्रेम नको, भाषण हवंय! ऑफिसात मूळ फोटो बघितला. मागची रांग, डावीकडून पहिल्या, त्याच आहेत. डाव्या हातात चाव्यांचा जुडगा आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, या एकट्या बाजूला. मी लिहिलंय: "तेव्हाही बेनचं लक्ष विद्यार्थ्यांकडेच होतं."

जुनी_मास्तरीण: ते वाक्य खोडा. फोटोत विद्यार्थी नाहीत. कदाचित कोणी हाक मारली असेल, कदाचित ऊन डोळ्यांत गेलं असेल. जुन्या शिपाईकाकांना गाठा आणि "बेनबद्दल सांगा" असं विचारू नका, त्यावर "फार चांगल्या" एवढंच मिळतं. विचारा: या चाव्या कशाच्या? फोटो कुठे काढला?

नवशिक्षक_बडोदा: काका भेटले! चाव्या प्रयोगशाळेच्या कपाटांच्या. बेन त्या कोणाकडे देत नसत, कारण ॲसिडच्या बाटल्या तिथेच. दहावीच्या वर्गाचं प्रात्यक्षिक असलं की सकाळी मुलांच्या आधी येऊन कपाट त्याच उघडत. फोटो प्रयोगशाळेच्या दारासमोरच काढलाय. पण त्या कुठे बघत होत्या ते काकांना आठवत नाही.

जुनी_मास्तरीण: झालं तुमचं भाषण. सुरुवात अशी करा:

"मी इथे दोन वर्षांपूर्वी आलो, म्हणून बेनना या फोटोत शोधलं. मागच्या रांगेत, कडेला. हातात चाव्यांचा जुडगा. फोटोच्या दिवशीही तो त्यांनी टेबलावर ठेवला नाही. काकांनी सांगितलं, त्या चाव्या ॲसिडच्या कपाटाच्या होत्या."

मग दोन वर्षांत तुम्ही स्वतः पाहिलेला एकच प्रसंग. शेवटी बेनकडे वळून विचारा: "बेन, सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, तुम्ही कुठे बघत होतात?"

सुरसागर_काठ: भर सभेत प्रश्न? त्या गोंधळल्या तर? आमचे सर असेच गप्प राहिले होते.

मांडवीकर: आधी कानावर घालून ठेवा.

जुनी_मास्तरीण: आधी सांगितलं तर त्या तयार उत्तर देतील. त्या बोलक्या आहेत की अबोल, ते नवशिक्षकांनी ठरवावं. अबोल असतील तर प्रश्न गाळा आणि चाव्यांवरच थांबा.

नवशिक्षक_बडोदा: बोलक्या आहेत, पण मंचावर कधी पाहिलं नाही. आजही तो जुडगा त्यांच्या पर्सला लटकतोय, सोमवारी तो माझ्याकडे येणार. हे बोलू का?

जुनी_मास्तरीण: हे तुम्ही आत्ता सांगताय? शेवट तोच करा.